खोलीचे भाडे चाळीसवर गोठवले, तर कोणाचे किती गेले? भाडेनियंत्रणाचा हिशेब पायरीपायरीने

दक्षिण मुंबईत आजही अशी भाडेपावती पाहायला मिळते, जिच्यावरचा आकडा त्या घराच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी असतो. आणि त्याच इमारतीच्या जिन्याला लाकडी टेकू लावलेले असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे बहुतेकांना जाणवते. पण "भाडेकरूंचा नेमका किती फायदा झाला, मालकांचा किती तोटा झाला आणि कोणाच्याच हाती न लागता किती वाया गेले?" असे विचारले, की चर्चा भावनेवर येते. हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करता येतो आणि त्याला बारावीच्या अर्थशास्त्रापेक्षा जास्त काही लागत नाही. तो कसा करायचा आणि त्यात नवखा माणूस कुठे फसतो, ते इथे एकाच उदाहरणावर दाखवतो.

आधी कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, तेच तिचे प्रमाण भाडे. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल, तर त्याआधी शेवटचे किंवा त्यानंतर पहिल्यांदा जे भाडे ठरले ते. त्याहून जास्त घेणे बेकायदा. अर्थशास्त्राच्या भाषेत ही कमाल किंमत, म्हणजे किमतीवर घातलेले छप्पर.

पहिली पायरी: दोन रेषा मांडा

एका वॉर्डातल्या चाळींमधल्या एका खोलीचा बाजार डोळ्यांसमोर आणा. खाली घेतलेले आकडे मी सरावासाठी ठरवलेले आहेत, कोणत्याही खऱ्या वॉर्डाचे नाहीत. भागाकार सोपे जावेत एवढाच त्यांचा उद्देश आहे.

मागणी (खोल्या) = १२,००० − १०० × मासिक भाडे

पुरवठा (खोल्या) = ५० × मासिक भाडे

पहिली ओळ अशी वाचायची: भाडे १२० रुपये झाले, तर एकही भाडेकरू येणार नाही, त्याखाली भाडे एकेक रुपयाने उतरेल तसे शंभर-शंभर भाडेकरू वाढतील. दुसरी ओळ: प्रत्येक जादा रुपयामागे मालक पन्नास खोल्या जास्त भाड्याने काढतील. नव्या बांधतील, जुन्या दुरुस्त करतील किंवा स्वतःकडे ठेवलेल्या रिकाम्या करून देतील.

दोन्ही सारखे ठेवा. १२,००० − १०० × भाडे = ५० × भाडे. म्हणजे भाडे ८० रुपये आणि खोल्या ४,०००. हा समतोल.

खऱ्या जागेसाठी या रेषा कुठून आणायच्या? बहुतेक वेळा तुमच्याकडे एक भाडे, खोल्यांची एक संख्या आणि लवचिकतेचा एखादा अंदाज असतो. तेवढे पुरते. लवचिकतेला (खोल्या ÷ भाडे) या भागाकाराने गुणले, की रेषेचा उतार मिळतो. आपल्या उदाहरणात मागणीची लवचिकता २ आहे: २ × (४,००० ÷ ८०) = १००. पुरवठ्याची १ आहे: १ × ५० = ५०. एका वॉर्डापुरती मागणी इतकी लवचिक धरता येते, कारण भाडे परवडले नाही तर माणूस शेजारच्या वॉर्डात जातो. अख्ख्या शहराचा हिशेब करताना हा आकडा एकच्याही खाली आणावा लागतो, कारण शहर सोडणे वॉर्ड सोडण्याइतके सोपे नसते. ही काळजी घेतली नाही, तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

दुसरी पायरी: छप्पर लावण्याआधीचा हिशेब

उपभोक्त्याचे आधिक्य (जुन्या पुस्तकांत याला संतोषाधिक्य म्हटलेले सापडेल) म्हणजे भाडेकरू जास्तीत जास्त जितके द्यायला तयार होता आणि प्रत्यक्षात जितके द्यावे लागले, त्यांतला फरक. १२० रुपये द्यायला तयार असलेल्याला ८० मध्ये खोली मिळाली, तर त्याच्या पदरात ४० पडले. ८१ द्यायला तयार असलेल्याच्या पदरात एकच रुपया पडला. सगळ्यांची बेरीज म्हणजे मागणीच्या रेषेखालचा आणि भाड्याच्या रेषेवरचा त्रिकोण.

½ × ४,००० × (१२० − ८०) = ८०,००० रुपये

उत्पादकाचे, म्हणजे इथे मालकाचे, आधिक्य उलट बाजूने मोजायचे. किमान जितक्या भाड्यात तो खोली द्यायला तयार झाला असता, त्यापेक्षा जास्त जे मिळाले ते.

½ × ४,००० × ८० = १,६०,००० रुपये

एकूण २,४०,००० रुपये. हे दरमहाचे आकडे आहेत हे त्यांच्याशेजारीच लिहून ठेवा. पुढे पागडीची एकरकमी रक्कम येते, तेव्हा महिन्याचा आकडा आणि एकदाच दिलेला आकडा एकाच बेरजेत घातले जातात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

तिसरी पायरी: छप्पर लावा आणि तुटवडा मोजा

आता कायद्याने भाडे जास्तीत जास्त ४० रुपये ठरवले. आधी एक तपासणी करा: छप्पर समतोलाच्या खाली आहे का? ९० रुपयांचे छप्पर लावले असते, तर बाजार ८० वरच राहिला असता आणि काहीच बदलले नसते. ४० हे ८० च्या खाली आहे, म्हणजे छप्पर डोक्याला लागते.

४० रुपयांना मागणी ८,००० खोल्यांची. पुरवठा २,००० खोल्यांचा. तुटवडा ६,०००.

इथे थांबा, कारण या ६,००० चा अर्थ बहुतेक वर्तमानपत्री चर्चांत चुकीचा लावला जातो. सहा हजार कुटुंबांची घरे गेली, असा याचा अर्थ होत नाही. या आकड्याचे दोन तुकडे करायचे. पूर्वी ४,००० खोल्या भाड्याने होत्या, आता २,००० आहेत. म्हणजे २,००० खोल्या खरोखर बाजारातून गेल्या. उरलेले ४,००० हे नवे इच्छुक आहेत. ८० रुपयांना ते रांगेतच नव्हते, ४० ऐकून आले. तुटवडा या दोन्हींची बेरीज आहे. समाजाचे जे नुकसान आपण पुढे मोजणार आहोत, त्याचा मूळ स्रोत पहिला तुकडा आहे. दुसरा तुकडा लांब रांग, ओळखीपाळखी आणि पागडीच्या रूपाने दिसतो.

चौथी पायरी: छपरानंतरचा हिशेब

मालकांचे आधिक्य सोपे आहे. ½ × २,००० × ४० = ४०,००० रुपये. आधी १,६०,००० होते, म्हणजे १,२०,००० कमी झाले. हा तोटाही दोन भागांत फोडून पाहा. ज्या २,००० खोल्या अजून भाड्याने आहेत, त्यांवर प्रत्येकी ४० रुपये कमी मिळाले: ८०,०००. आणि ज्या २,००० खोल्या बाजारातून गेल्या, त्यांवर मिळणारे आधिक्य गेले: ½ × २,००० × ४० = ४०,०००. पहिले ८०,००० भाडेकरूंच्या खिशात गेले. दुसरे ४०,००० कोणालाच मिळाले नाहीत.

भाडेकरूंचे आधिक्य काढताना नवखा माणूस मागणीचा आकडा, म्हणजे ८,०००, घेऊन मोठा त्रिकोण मोजतो आणि भाडेकरूंचा प्रचंड फायदा झाल्याचे दाखवतो. पण खोल्या २,०००च आहेत. ज्याला खोली मिळालीच नाही, त्याला स्वस्त भाड्याचा काय उपयोग? म्हणून मोजणी २,००० पर्यंतच करायची. २,००० वी खोली घेणारा किती द्यायला तयार आहे? मागणीच्या समीकरणात २,००० घाला: भाडे १०० येते. आता आकृती दोन तुकड्यांची होते. वर एक त्रिकोण, १२० पासून १०० पर्यंत: ½ × २,००० × २० = २०,०००. त्याखाली एक आयत, १०० पासून ४० पर्यंत: २,००० × ६० = १,२०,०००. एकूण १,४०,०००.

आधी ८०,००० होते. म्हणजे भाडेकरूंचा गट ६०,००० नी पुढे गेला. मालक १,२०,००० नी मागे गेले. फरक ६०,००० रुपये दरमहा, आणि हा निव्वळ तोटा. पडताळणी म्हणून तो थेटही काढा: गेलेल्या २,००० खोल्या हा त्रिकोणाचा पाया आणि १०० − ४० = ६० ही त्याची दुसरी बाजू. ½ × २,००० × ६० = ६०,०००. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, तर हिशेब बरोबर आहे. नाही आला, तर बहुधा तुम्ही १०० हे भाडे काढायला विसरलात आणि तिथे ८० वापरलेत.

पाचवी पायरी: खोली नेमकी कोणाला मिळाली?

पाठ्यपुस्तक चौथ्या पायरीवर थांबते. माझ्या मते खरा प्रश्न इथून सुरू होतो.

वरच्या १,४०,००० मध्ये एक गृहीत दडलेले आहे: उरलेल्या २,००० खोल्या त्याच लोकांना मिळाल्या, ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज होती, म्हणजे जे १०० ते १२० रुपये द्यायला तयार होते. पण ४० रुपये भाड्यात तर ८,००० जण उभे आहेत. त्यांतून कोण निवडले जाते? ज्याचा मामा मालकाच्या पेढीवर आहे तो, ज्याची जात-गाव मालकाला चालते तो, किंवा जो योगायोगाने त्या दिवशी तिथे होता तो. भाडे वर-खाली होऊ शकत नसल्याने निवड दुसऱ्या कशाने तरी होते.

म्हणून दुसरे टोक धरून पुन्हा हिशेब करा: जणू चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या. ८,००० इच्छुकांची देण्याची तयारी १२० पासून ४० पर्यंत सरळ उतरत जाते, तेव्हा सरासरी ८० रुपये. चिठ्ठी लागलेल्याचे सरासरी आधिक्य ८० − ४० = ४०. दोन हजार खोल्यांचे मिळून ८०,००० रुपये.

छप्पर लावण्याआधी भाडेकरूंचे आधिक्य किती होते? ८०,०००.

म्हणजे मालकांकडून १,२०,००० गेले आणि भाडेकरूंच्या गटाच्या हातात एक पैही जास्त आला नाही. नेमके समान आकडे येणे हा माझ्या उदाहरणाचा योगायोग आहे. वेगळ्या उतारांना थोडे वर-खाली होईल. पण दिशा तीच राहते. निव्वळ तोटा आता ६०,००० नसून १,२०,००० आहे. त्यातला अर्धा खोल्या कमी झाल्याने, आणि अर्धा खोल्या चुकीच्या हातात गेल्याने. खरे शहर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. म्हणून भाडेकरूंच्या फायद्याचा एकच आकडा कोणी सांगितला, तर खोल्यांचे वाटप कसे झाले हे त्याने गृहीत काय धरले, ते आधी विचारावे.

सहावी पायरी: पागडी हिशेबात आणा

मुंबईने या वाटपाच्या प्रश्नावर स्वतःचा तोडगा काढला, तो म्हणजे पागडी. खोली ताब्यात घेताना एकरकमी पैसे द्यायचे आणि नंतर दरमहा नाममात्र प्रमाण भाडे. १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा ठरवला होता, तरी ती सर्रास चालत असे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने पागडी कायदेशीर केली.

पागडीचा आकडा आपल्या उदाहरणातून थेट निघतो. २,००० खोल्या असताना शेवटचा भाडेकरू दरमहा १०० द्यायला तयार आहे, कायदा ४० घेऊ देतो. उरले ६० रुपये दरमहा. व्याज दरमहा एक टक्का धरले आणि ताबा कायमचा मानला, तर दरमहा ६० रुपयांची आजची किंमत ६० ÷ ०.०१ = ६,००० रुपये. म्हणजे ४० रुपये भाड्याच्या खोलीला सहा हजारांची पागडी. व्याजदर जास्त असेल किंवा ताबा काढून घेतला जाण्याची धास्ती असेल, तर पागडी कमी होते. हे सूत्र उलटेही चालते, आणि प्रत्यक्षात तेच जास्त उपयोगी पडते: पागडीची चालू रक्कम माहीत असेल, तर तिला मासिक व्याजदराने गुणून त्यात भाडे मिळवा, खोलीचे खरे बाजारभाडे हाती येते.

आता आधिक्य कोणाकडे गेले? पागडी देणाऱ्या नव्या भाडेकरूला खोली खऱ्या अर्थाने १०० रुपये महिन्याला पडली. खोल्या सर्वाधिक गरजूंकडेच गेल्या, हा तिचा एक गुण. पण त्यांच्याकडे उरला तो फक्त वरचा त्रिकोण, २०,००० रुपये. दरमहा १,२०,००० इतक्या किमतीची रक्कम पागडी घेणाऱ्याकडे गेली. घेणारा मालक असेल, तर त्याचे एकूण ४०,००० + १,२०,००० = १,६०,००० झाले, म्हणजे छपराआधी होते तेवढेच. अशा वेळी सगळा ६०,००० चा तोटा नव्या भाडेकरूंच्या माथी बसतो. घेणारा खोली सोडणारा जुना भाडेकरू असेल, तर फायदा त्याचा. मुंबईच्या रिवाजात जुना भाडेकरू खोली दुसऱ्याला देताना मालकाचा हिस्सा साधारण एक तृतीयांश धरला जातो, त्यामुळे रक्कम दोघांत वाटली जाते.

'भाडेकरू' हा एकच गट मानून हिशेब केला, तर हे सगळे अदृश्य राहते. वहीत किमान तीन रकाने करा: आत असलेले भाडेकरू, बाहेरून येऊ पाहणारे, आणि मालक. छपराच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही बहुतेक वेळा खरे बोलत असतात. फक्त एक जण पहिल्या रकान्याबद्दल बोलतो आणि दुसरा दुसऱ्याबद्दल.

सातवी पायरी: काळ मध्ये आणा

आतापर्यंत आपण समजलो, की छप्पर लावताच २,००० खोल्या गेल्या. तसे होत नाही. चाळ उभी आहे, लोक राहत आहेत, मालक उद्या ती गुंडाळून नेऊ शकत नाही. कायदा लागू झाला त्या महिन्यात पुरवठा ४,००० वर घट्ट असतो, रेषा सरळ उभी.

त्या महिन्याचा हिशेब अगदी वेगळा आहे. ४,००० भाडेकरूंचे प्रत्येकी ४० रुपये वाचले: भाडेकरूंना +१,६०,०००, मालकांना −१,६०,०००. निव्वळ तोटा शून्य. आत राहणारे तेच आहेत, जे आदल्या दिवशी ८० देत होते, त्यामुळे वाटपही बिघडलेले नाही. तुटवडा ८,००० − ४,००० = ४,०००, आणि हे चारही हजार नवे इच्छुक आहेत. युद्धकाळात आणि फाळणीनंतर माणसांचे लोंढे मुंबईत येत असताना सरकारने हा उपाय का केला, ते या आकड्यांतून समजते. थोड्या काळासाठी तो आत असलेल्यांना खरेच वाचवतो.

मग वर्षे जातात, आणि दोन्ही बाजूंनी तोटा वाढत जातो. पुरवठ्याची उभी रेषा हळूहळू कलंडत पन्नासच्या उतारावर येते. मालक दुरुस्ती थांबवतो, मोडकळीला आलेली चाळ पुन्हा बांधत नाही, नवी इमारत भाड्याने देण्याऐवजी सदनिका विकतो. आणि वाटपही बिघडते. पोरे उपनगरात गेली, आजी-आजोबा गावी गेले, तरी खोलीला कुलूप लावून ताबा ठेवला जातो, कारण एकदा सोडली की परत मिळणार नाही. चारही हिशेब एकत्र ठेवले, तर असे दिसतात (दरमहा रुपये):

| स्थिती | खोल्या | भाडेकरूंचे आधिक्य | आधीच्या तुलनेत भाडेकरूंचा फरक | निव्वळ तोटा |
|---|---|---|---|---|
| छपराआधी | ४,००० | ८०,००० | – | – |
| लगेच नंतर | ४,००० | २,४०,००० | +१,६०,००० | ० |
| दीर्घकाळ, उत्तम वाटप | २,००० | १,४०,००० | +६०,००० | ६०,००० |
| दीर्घकाळ, चिठ्ठ्यांचे वाटप | २,००० | ८०,००० | ० | १,२०,००० |

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. छप्पर रुपयांत गोठवलेले असते, पण रुपया गोठलेला नसतो. बाकीच्या वस्तूंचे भाव दहापट झाले, तर ४० रुपयांची किंमत सुरुवातीच्या ४ रुपयांइतकीच राहते. म्हणून दीर्घकाळाचा हिशेब करताना दरवर्षीचे भाडे महागाई निर्देशांकाने भागून मगच समीकरणात घालायचे. मुंबईत १९४० चा आकडा अर्धशतकाहून जास्त काळ पाया राहिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात, भाडे असे कायमचे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे म्हटले. १९९९ च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिली. ४० रुपयांवर पंचवीस वर्षे चार टक्के चढवले, तर सुमारे १०७ रुपये होतात. पायाच इतका खाली असेल, तर चार टक्क्यांनी तो बाजाराला गाठत नाही.

प्रत्यक्षात हे कसे ओळखायचे

खऱ्या जागी मागणीची रेषा कोणी भिंतीवर काढून ठेवत नाही. छप्पर किती घट्ट बसले आहे ते खुणांवरून काढावे लागते. भाड्याव्यतिरिक्त एकरकमी मागणी, फर्निचरच्या नावाखाली वेगळे पैसे, भाडेपावती दुसऱ्याच्या नावाची, वर्षानुवर्षे कुलूपबंद खोल्या. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे दुरुस्ती. भाडे वाढवता येत नाही तेव्हा खोलीची प्रत खाली येते. म्हणजे ४० रुपयांत पूर्वीची खोली मिळतच नाही, गळके छप्पर असलेली मिळते. आपल्या वरच्या हिशेबात खोली तीच राहते असे धरले आहे. प्रत घसरली, की भाडेकरूंचा फायदा त्या प्रमाणात आणखी कमी करावा लागतो. दुरुस्तीचा हा भार अखेर सरकारला उचलावा लागला. १९६९ च्या कायद्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची वाट मोकळी झाली आणि शहर भागातल्या इमारतींवर उपकर बसला.

त्या उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२. त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, १,४८९ त्यानंतर १९५० पर्यंतच्या आणि १,६५१ पुढे १९६९ पर्यंतच्या. हे आकडे पाहिले, की १९४० नंतर भाड्याच्या इमारती बांधणे आटले असे वाटते. मीही ते तसेच वाचतो, पण सगळे श्रेय छपराला देत नाही. बेटावर मोकळी जमीन संपत आली होती, बांधकामाच्या नियमांनी उंचीला मर्यादा घातल्या, आणि मालकी हक्काच्या सदनिका व सहकारी गृहसंस्था हा वेगळा मार्ग खुला झाला. छप्पर नसते तरी पुरवठ्याची रेषा काही प्रमाणात सरकलीच असती. दोन काळांतल्या संख्यांची वजाबाकी करून तिला 'छपराचा परिणाम' म्हणणे ही या विषयातली सर्वांत मोठी घोडचूक आहे. तुलना छपरासह आणि छपराविना अशी करायची असते, आधी आणि नंतर अशी नव्हे.

शक्य असेल तिथे एकाच काळातल्या, पण कायद्याच्या आत आणि बाहेर असलेल्या जागा शेजारी ठेवून पाहा. १९९९ च्या कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. त्यामुळे एकाच इमारतीत एक गाळा नियंत्रित भाड्याचा आणि शेजारचा बाजारभावाचा, अशी स्थिती तयार झाली. आपल्या उदाहरणातले ४० आणि त्यावरचा बाजाराचा आकडा यांतले अंतर तिथे थेट मोजता येते.

जीवनावश्यक वस्तूंसाठी पायऱ्या याच, फक्त घड्याळ वेगाने फिरते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने तीन पदरी मास्कची किंमत १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरची १०० रुपये अशी कमाल मर्यादा ३० जूनपर्यंत घातली. मास्क वापरून फेकला जातो, त्यात कोणी वर्षानुवर्षे ताबा धरून बसत नाही, आणि पुरवठ्याची उभी रेषा कलंडायला दशके नव्हे, आठवडे लागतात. म्हणून तिथे सातवी पायरी सगळ्यात आधी करावी: आपण पहिल्या आठवड्याचा हिशेब करतो आहोत की तिसऱ्या महिन्याचा, हे ठरवल्याशिवाय पुरवठ्याचे समीकरण लिहूच नये.

स्वतः करून पाहा

छप्पर ४० ऐवजी ३० रुपयांवर आणा आणि दीर्घकाळाचा पूर्ण हिशेब करा. भाडे आणखी उतरले म्हणजे भाडेकरूंचा फायदा आणखी वाढला पाहिजे, असे वाटेल. उत्तरे अशी येतील: मागणी ९,०००, पुरवठा १,५००, तुटवडा ७,५००, त्यातल्या २,५०० खोल्या बाजारातून गेलेल्या आणि ५,००० नवे इच्छुक. शेवटच्या खोलीला देण्याची तयारी १०५ रुपये. मालकांचे आधिक्य २२,५००. उत्तम वाटप झाले, तर भाडेकरूंचे आधिक्य ११,२५० + १,१२,५०० = १,२३,७५०, म्हणजे ४० रुपयांच्या छपराला मिळत होते त्यापेक्षा कमी. चिठ्ठ्यांनी वाटप झाले तर १,५०० × (७५ − ३०) = ६७,५००, म्हणजे छप्परच नसते तेव्हाच्या ८०,००० पेक्षाही कमी.

तुमचा १,२३,७५० चा आकडा आला नसेल, तर आयताची उंची तपासा. ती १०५ − ३०, म्हणजे ७५ असायला हवी. आणि आला असेल, तर भाडे ८० पासून एकेक रुपयाने खाली आणत उत्तम वाटपाचे आधिक्य पुन्हा काढत जा. ते वाढत वाढत ४८ रुपयांपाशी १,४४,००० वर पोहोचते आणि तिथून उतरू लागते. चिठ्ठ्यांच्या वाटपात ही कमान ६० रुपयांनाच येते, आणि शिखरावर आधिक्य फक्त ९०,००० असते.